कळ येते तेव्हा

प्रसूतीच्या ऐन भरात दहा मिनिटांत तीन-चार कळा येतात. पोटावर हात ठेवला तर ते दगडासारखं कडक होताना कळतं आणि मिनिटभरात पुन्हा सैल पडतं. बाई ठरवून हे करत नाही. गर्भाशयाचा स्नायू अनैच्छिक आहे, आणि त्याच्या आकुंचनाची रीत हातापायांच्या स्नायूंहून वेगळी आहे.

हातापायांच्या स्नायूंत ट्रोपोनिन नावाचं प्रथिन कॅल्शियमची वाट पाहत बसलेलं असतं. गर्भाशयाच्या पेशीत ते काम कॅल्मोड्युलिन करतं. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा इशारा मिळाला की पेशीत बाहेरून आणि आतल्या साठ्यातूनही कॅल्शियम येतं. कॅल्शियमचे चार कण कॅल्मोड्युलिनला चिकटतात आणि ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला जागं करते. हा विकर मायोसिनच्या एका छोट्या साखळीवर फॉस्फेट चढवतो. त्यानंतरच मायोसिन ॲक्टिनचे धागे ओढू लागतं. कॅल्शियम ओसरलं की दुसरा विकर ते फॉस्फेट काढून टाकतो आणि कळ सरते. एवढे टप्पे असल्याने कळ हळूहळू चढते, हळूहळू उतरते.

पण ही यंत्रणा तर सगळे महिने हजर असते, मग कळा शेवटीच का? कारण एकेका पेशीच्या आकुंचनाने बाळ पुढे सरकत नाही, सगळ्यांनी एकदम जोर लावावा लागतो. प्रसूती जवळ आली की शेजारशेजारच्या पेशींमध्ये कनेक्सिन-४३ या प्रथिनाच्या सूक्ष्म वाटा भराभर वाढतात. विजेचा संदेश त्यांतून पेशीपेशीत पसरतो आणि आख्खा स्नायू एक होऊन आवळतो. याला एकल-एकक स्नायू म्हणतात. आतड्याचा स्नायूही याच प्रकारचा. डोळ्याची बाहुली लहान-मोठी करणारा स्नायू मात्र बहु-एकक: तिथे तंतूंना मज्जातंतूंकडून स्वतंत्र आज्ञा मिळतात. बाहुलीला बारीक नियंत्रण हवं, ताकद नको, म्हणून तिथे हीच रचना सोयीची.

वेळेआधी कळा सुरू झाल्या तर डॉक्टर बऱ्याचदा निफेडिपिन देतात. रक्तदाबाचंच हे औषध, पेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवतं. त्यातून साधारण दोन दिवस मिळाले तरी बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन होतात.

खरी परीक्षा वार पडल्यावर असते. तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या स्नायूंच्या विणीतून जातात. स्नायू आवळला की त्या दाबल्या जातात. तो ढिला राहिला तर रक्तस्राव थांबत नाही, आणि प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. पोटावरून गर्भाशय मऊ लागतं, तीच पहिली खूण. म्हणून बाळ जन्मताच आईला १० युनिट ऑक्सिटोसिन देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उन्हाळ्यात फ्रीजबाहेर पडून राहिलं तर त्याचा जोर कमी होतो.