पुडी सुटत का नाही?

आज तंबाखूवर बोलू, पण कॅन्सरचे फोटो दाखवत नाही, घाबरू नका.

1950च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांना एक कोडं पडलं होतं. क्षयाची तपासणी फुकट, एक्स-रेची गाडी पार वस्तीपर्यंत येते, तरी लोक का येत नाहीत? त्यातून ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ उभं राहिलं. ते म्हणतं, माणूस मनात हिशोब करतो: हे मला होईल का, झालं तर किती वाईट, सोडून फायदा काय, आणि सोडायला अडचण किती? पुढे 1988 मध्ये त्यात ‘मला हे जमेल का’ हा प्रश्नही रीतसर जोडला गेला.

आता आपल्या बीडचा हिशोब मांडू. समजा, धारूरकडचा एक ऊसतोड कामगार आहे. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायकोचा एक कोयता, दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं. हा दिवसभर चुना-तंबाखू गालात धरतो. कॅन्सर वाईट, हे त्याला पाठ आहे. पुडीवर चित्रच असतं. पण ‘मला होईल’ हे पटत नाही, कारण आजा ऐंशीपर्यंत तंबाखू खाऊन जगला. इथं चित्र मोठं करून फारसं काही होत नाही, असं माझं मत. पुडी धरतो त्याच जागी पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा आरशात दाखवला, तर धोका त्याचा स्वतःचा होतो. असा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारं तोंड दिसलं की दाताच्या डॉक्टरला दाखवायचंच.

पण खरी गाठ अडचणींत आहे. निकोटिननं भूक मरते, रात्री गाडी भरताना झोप उडते, सकाळी पोट साफ होतं. सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं; चिडचिड, कामात लक्ष न लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि काही आठवडे रेंगाळतं. फडात असताना हे परवडत नाही, कारण खाडा झाला की पैसे कापतात. म्हणजे ‘नाही सोडत’ म्हणणारा माणूस अडाणी नाही, त्याचा हिशोब बरोबर आहे!

मग हिशोबातली तारीख बदलायची. हंगाम संपवून गावी आल्यावर, हातात थोडा वेळ असताना दिवस ठरवायचा. 1800-11-2356 हा सरकारी क्विटलाइनचा मोफत नंबर आहे, तिथं समुपदेशक बोलतात. पहिले दोन-तीन दिवस काढले की ‘जमतंय’ हा भरवसा वाढतो, आणि पुढच्या हंगामाला तोच कामी येतो.

मॉडेल एका जागी मात्र तोकडं पडतं. सवय हिशोब विचारत नाही. हात आपोआप खिशात जातो. शिवाय ते एकट्या माणसाचं मन मोजतं. आपल्याकडे टोळीत पुडी मागून-देऊन खातात, आणि बायकोची मिश्रीची डबी त्याच खोपीत असते. म्हणून समजवायला बसलात, तर दोघांना समोर बसवा.