जखमेचा फोटो किती खरे बोलतो?

समजा, रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराचा हात सकाळी ११ वाजता यंत्रात सापडला. तर्जनीचे टोक कापले गेले, पंजा सुजला. भरपाईच्या दाव्याला जोडलेल्या फोटोबद्दल तो त्याच दिवशी दुपारी २ वाजता काढल्याचे सांगितले आहे. पण मुक्या माराच्या जागी पिवळट छटा दिसते. इथे तपासनीस थबकतो.

त्वचेखाली साचलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होऊ लागले, की पिवळा रंग येतो. अभ्यासांनुसार तो साधारण १८ तासांच्या आत दिसत नाही. मग हा मार जुना आहे का? लगेच तसे म्हणता येत नाही. बल्बच्या प्रकाशातही त्वचा पिवळी दिसते. म्हणून त्याच फोटोतील पांढरी पट्टी पाहतात. तीही पिवळी असेल, तर दोष प्रकाशाचा असू शकतो. उलट, पिवळेपणा नाही म्हणून मार ताजाच आहे, असेही ठरत नाही. सावळ्या त्वचेवर तो सहज दिसत नाही.

दुसरा प्रश्न, हाच फोटो आधी कुठल्या दाव्यात वापरला होता का? त्यासाठी संगणक चित्र अगदी लहान, करड्या चौकटींचे करतो आणि शेजारच्या चौकटींतील उजेड-अंधाराचा फरक आकड्यांत नोंदवतो. आकार किंवा रंग थोडा बदलला, तरी हा ठसा बराचसा तोच राहतो. मात्र चित्र आरशासारखे उलटवले, तर तो बदलतो. म्हणून उलटी प्रतही तपासावी लागते.

तिसरा प्रश्न फेरफाराचा. मूळ फाइलमध्ये फोटोची वेळ आणि मोबाइलचे मॉडेल नोंदलेले असते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला, की ही माहिती गळते आणि चित्र पुन्हा दाबले जाते. त्यामुळे फेरफाराच्या बारीक खुणाही पुसट होतात. माहिती नसणे हा लबाडीचा पुरावा नाही. प्रामाणिक कामगाराचा फोटोही असाच येतो. त्यामुळे मूळ फाइल मोबाइलमध्ये जपून ठेवणे आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणे त्याच्याच हिताचे असते.

आणि सगळे खरे निघाले, तरी भरपाईचा आकडा फोटो ठरवत नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तक्त्यात तर्जनीचे एक पेर गेल्यास कमाईक्षमतेची हानी ९ टक्के धरली होती. हाड शाबूत राहून नुसते टोक कापले गेल्यास ५ टक्के. पट्टीखालच्या बोटात हाड गेले की नाही, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ते एक्स-रे दाखवतो, आणि मार कधीचा हे पहिल्या दिवशीच्या केसपेपरवरील वेळ सांगते. पिवळ्या छटेचा वाद शेवटी तिथेच मिटतो.