ओळख थोडी, शुभेच्छा नेमकी

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळीच कळतं की आज लेखा विभागातल्या मॅडमचा वाढदिवस आहे. त्यांच्याशी आपला संबंध बिलापुरता. घरी कोण आहे, त्यांना काय आवडतं, यातलं काहीच ठाऊक नसतं. मग आपण वर आलेल्या संदेशांवर नजर टाकतो आणि तसंच काहीतरी लिहून मोकळे होतो: ‘हसतमुख, प्रेमळ, मेहनती अशा आमच्या मॅडमना उदंड आयुष्य लाभो.’

या विशेषणांची गंमत 1948 साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिली. त्याने आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाच्या हातात ‘तुमचं वर्णन’ म्हणून एक कागद ठेवला. वरून तुम्ही शिस्तीचे दिसता, पण आतून काळजी करता, अशा अर्थाची वाक्यं त्यात होती. हे वर्णन किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांचा कागद एकच होता आणि त्यातली बरीचशी वाक्यं बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती.

म्हणजे सर्वांना लागू पडणारं वाक्यही माणसाला आपलं वाटू शकतं. मात्र शेजाऱ्याच्या हातातही तोच कागद आहे हे त्याला दिसेपर्यंतच. ग्रुपवर ते लगेच दिसतं. कालच्या वाढदिवसालाही ‘हसतमुख आणि प्रेमळ’ हेच शब्द आलेले असतात. म्हणून संदेश पाठवण्याआधी त्यातलं नाव बदलून पाहावं. दुसऱ्या कुणाचं नाव घालूनही तो चपखल बसत असेल, तर तो अजून त्या व्यक्तीचा झालेला नाही.

मग माहिती नसताना लिहायचं काय? त्यांच्या आयुष्याबद्दल लिहायचंच नाही. त्यांचा आणि आपला संबंध जिथे आला, तेवढ्याच जागेबद्दल लिहायचं. ती जागा लहान असली तरी तिथलं आपण स्वतः पाहिलेलं असतं, त्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही.

समजा, मार्चमध्ये तुमचं प्रवासाचं बिल परत आलं होतं. एक सही राहिली होती आणि मॅडमनी नेमक्या त्या जागी पेन्सिलने खूण करून ठेवली होती. एवढी आठवण पुरते. आधी त्यांनी काय केलं ते लिहा, मग त्यामुळे तुमचं काय सोपं झालं ते, आणि शेवटी त्याच धाग्यातली एक सदिच्छा:

‘मॅडम, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. मार्चमध्ये माझं बिल परत आलं, तेव्हा सही कुठे राहिली तिथे तुम्ही पेन्सिलने खूण केली होती. मला शोधत बसावं लागलं नाही. येत्या वर्षात तुमच्या टेबलावरही सगळी बिलं नीट भरलेलीच येवोत.’

यात त्यांच्या स्वभावाबद्दल एकही विशेषण नाही, तरी त्या काळजीने काम करतात हे त्यांना वाचताना कळतं. हा संदेश दुसऱ्या कुणाला पाठवताही येणार नाही. तो ग्रुपवर न टाकता त्यांना स्वतंत्र पाठवलेला बरा. चारचौघांत बिलाचा विषय त्यांना अवघड वाटू शकतो.

बिघडतं ते बहुतेक वेळा अंदाजामुळे. ‘मुलाबाळांसोबत मजा करा’ हे वाक्य मुलं नसलेल्या किंवा नुकतंच कुणी गमावलेल्या माणसाला टोचतं. वय, तब्येत, लग्न, देवधर्म या गोष्टी माहीत नसतील तर त्यांना हात लावू नये. फेसबुकवर त्यांच्या सहलीचे फोटो शोधून त्याचा उल्लेख करणंही टाळावं. जे त्यांनी आपल्याला सांगितलं नाही, ते आपल्या तोंडून ऐकताना माणूस सावध होतो. अतिशयोक्तीचंही तसंच. एका पेन्सिलच्या खुणेवरून कुणाला ‘ऑफिसचा आधारस्तंभ’ म्हटलं, की खरी आठवणही खोटी वाटू लागते.

कधी सांगण्यासारखा एकही प्रसंग नसतो. अशा वेळी दोघांच्या ओळखीच्या एखाद्याला विचारावं. मात्र ‘त्यांना काय आवडतं?’ असं नव्हे, तर ‘त्यांनी तुमच्यासाठी केलेलं काही आठवतं का?’ असं. पहिल्या प्रश्नाला ‘गोड आवडतं’ असं मोघम उत्तर येतं, दुसऱ्याला प्रसंग मिळतो. तो लिहिताना ‘अमुक यांच्याकडून ऐकलं’ हे मात्र सांगावं. तेही जमलं नाही, तर योग्य संबोधन, बरोबर लिहिलेलं नाव आणि एका ओळीची साधी शुभेच्छा पुरेशी आहे. खोट्या जवळिकीपेक्षा ती केव्हाही बरी.

यापुढे कुणी आपलं छोटंसं काम नीट केलं, तर फोनमध्ये त्यांच्या नावापुढे त्याच दिवशी एक ओळ टिपून ठेवा. वाढदिवसाच्या सकाळी तीच कामी येईल.