काकूंचे दोन आकडे

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. रात्री साडेअकराला मंडळातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, आईला हार्ट अटॅक आलाय. ट्रोपोनिन वाढलंय म्हणतात." काकू चारच दिवसांपूर्वी मुंबईहून लंडनला लेकीकडे दिवाळीला आल्या होत्या. मी इथल्याच एका दुसऱ्या इस्पितळात, तातडीच्या विभागात काम करते. त्यामुळे अशा फोनची सवय आहे. मी विचारलं, "आकडा किती? आणि दुसरा किती?"

"५८. दुसरा अजून घ्यायचाय."

हा दुसरा आकडा मी का विचारते, ते सांगते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. त्याचा बहुतेक भाग स्नायूच्या तंतूंना घट्ट जोडलेला असतो आणि थोडासा पेशीतल्या द्रवात सुटा असतो. पेशीला इजा झाली की आधी हा सुटा भाग रक्तात येतो, मग तंतू मोडत जातील तसा उरलेला झिरपत राहतो. म्हणून हार्ट अटॅकमध्ये आकडा एक ते तीन तासांत चढू लागतो, साधारण दिवसभरात शिखर गाठतो आणि उतरायला मात्र आठवडा, कधी दोन आठवडेही घेतो. छातीत कळ आल्यावर अर्ध्या तासात आलेल्या माणसाचा पहिला आकडा अगदी चांगला असू शकतो, आणि चार दिवस "ॲसिडिटी आहे" म्हणत घरी बसलेल्याचा मोठा. एका आकड्यावरून आपण चढणीवर आहोत, उतारावर आहोत की सपाटीवर, हे कळत नाही. (ईसीजीतच मोठ्या अटॅकच्या खुणा दिसल्या तर मात्र ट्रोपोनिनची वाट बघत कोणी थांबत नाही, थांबूही नये.)

सपाटीचं उदाहरण आमच्या घरातच आहे. कोल्हापूरच्या मामांची किडनी बरीच वर्षं कमजोर आहे. ट्रोपोनिन टी या तपासणीत निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांचा आकडा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटरच्या आत असतो. मामांचा एकदा ४७ आला, तीन तासांनी ४९. घरात रडारड झाली. पण सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर ४६ होता! एवढ्याशा फरकाला चढ म्हणत नाहीत. त्यांच्या हृदयावर जुना ताण आहे, त्याची काळजी घ्यायलाच हवी. पण त्या रात्री अटॅक आलेला नव्हता.

काकूंचा दुसरा आकडा तीन तासांनी आला, ८३. म्हणजे चढ खरा होता, इजा ताजी होती. मात्र ती कशाने झाली, हे ट्रोपोनिन सांगत नाही. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली तरी ते वाढतं, हृदयाच्या स्नायूला सूज आली तरी वाढतं, ठोके बेसुमार धावले तरी आणि जंतुसंसर्ग अंगभर पसरला तरी वाढतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी ठरवली होती. काकूंचं वय ७१, मधुमेह; तो विचार चुकीचा नव्हताच.

मला खटकलं ते वेगळंच. काकूंच्या छातीत कळ नव्हती, त्यांना धाप लागत होती. नाडी ११८, ऑक्सिजन ९०, आणि ईसीजीत वेग सोडला तर फारसं काही नाही. "पाय कसे आहेत?" मी विचारलं. मैत्रीण म्हणाली, "डावा सुजलाय, पण तो विमानात बसून बसून. आई म्हणाली, डॉक्टरांना कशाला सांगायचं!"

"आत्ताच्या आत्ता सांग."

डॉक्टरांनी लगेच इको केला. हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसली. मग सीटी स्कॅन झाला आणि फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळ्या सापडल्या. पायाच्या शिरेत धरलेली गुठळी सुटून वर गेली होती. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. पुढची वाट तुंबली की त्याला एकदम जोर लावावा लागतो, आणि त्या ओढाताणीत त्याच्या स्नायूला इजा होते. तेच ट्रोपोनिन रक्तात उतरलं होतं. अँजिओग्राफी रद्द झाली आणि रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू झालं. ते काकूंना निदान तीन महिने घ्यायचं होतं, म्हणून परतीचं तिकीट पुढे ढकललं.

भारतातून व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो येतात, तेव्हा एकक आधी बघा. तिकडे काही ठिकाणी आकडा मिलिलिटरला देतात; तिथला ०.०४ म्हणजे इथले ४० होतात. शिवाय ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय या वेगळ्या तपासण्या आहेत, त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. मामांचा तो ४६चा कागद मी प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांच्या पाकिटात ठेवायला लावलाय, आधार कार्डाच्या मागे.