निवृत्त भागीदाराचा हिशेब

हार्डवेअरच्या दुकानात तिघे समान भागीदार आहेत असं धरू. एक निवृत्त होतोय. त्याच्या भांडवल खात्यावर 4 लाख जमा आहेत. पण वहीत 6 लाखांचं दिसणारं गोदाम आज 9 लाखांचं आहे आणि उधारीतले 60 हजार बुडाल्यातच जमा. म्हणजे पुनर्मूल्यनाचा नफा 2 लाख 40 हजार, त्यातले त्याचे 80 हजार. देणं झालं 4 लाख 80 हजार, शिवाय नावलौकिकातला वाटा. भांडण बहुधा या वाट्यावरूनच पेटतं. त्याचं सूत्र करारात आधीच हवं. रोकड नसेल तर रक्कम त्याच्या कर्ज खात्यावर वळवतात. हिशेब न मिटवताच धंदा चालू ठेवला आणि करारात वेगळं काही नसेल, तर 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 37 त्याला निवड देतं: त्याच्या हिश्शाच्या वापरातून झालेला नफा किंवा सालाना 6 टक्के व्याज.