डावीकडे, पण कुणाच्या?

‘दादा, सरळ या, मग डावीकडे, तिथंच घर आहे.’ पुण्याच्या कसबा पेठेत अडकलेल्या डिलिव्हरीवाल्याला असा मेसेज गेला, की पाच मिनिटांत त्याचा फोन आलाच म्हणून समजा. त्याचं तोंड कुठं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, मग ‘डावीकडे’ कुणाच्या?

नकाशाचीही इथं पंचाईत होते. उघड्या आकाशाखाली मोबाईल आपली जागा साधारण पाच मीटरच्या फरकानं सांगतो. बोळात मात्र उपग्रहाचे संदेश दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींवर आदळून उशिरा पोहोचतात आणि स्क्रीनवरचा ठिपका शेजारच्या बोळात उडी मारतो. त्यात घराची खूण वाड्याच्या मागच्या अंगाला पडली असेल, तर नकाशा त्याला मागच्या बोळात नेऊन सोडतो. तिथं ‘तुम्ही पोहोचलात’ असं दिसतं. समोर नुसती भिंत.

म्हणून आधी वाट सांगायचीच नाही. ‘दादा, गाडी बाजूला घ्या. समोर कुठली पाटी दिसते?’ एवढंच विचारावं. पाटीचा फोटो आला तर उत्तमच. समजा उत्तर आलं, ‘पिठाची गिरणी आहे.’ आता मेसेज असा जाऊ शकतो:

‘गिरणीकडे पाठ करून उभे राहा. उजव्या हाताला निघा. पहिला बोळ सोडा, दुसऱ्यात डावीकडे वळा. कोपऱ्यावर शेंदरी मारुती आहे. सायकलचं दुकान लागलं तर पुढे गेलात, मागे फिरा. मारुतीपाशी पोहोचलात की कळवा.’

यातलं सायकलच्या दुकानाचं वाक्य सगळ्यात कामाचं. बरोबर वाट सगळेच सांगतात; चुकलो हे कशावरून ओळखायचं, ते कुणी सांगत नाही. खूणही हलणारी नको. वडापावची गाडी दुपारी नसते आणि ‘जोशींचा वाडा’ पाडून तिथं इमारत झालेली असते. आपल्या जिभेवरून जुनं नाव जात नाही, पण नव्या माणसाला ते कुठं दिसणार?

मारुतीपर्यंतचा निरोप आला की पुढचा टप्पा: ‘गाडी इथंच लावा, आत वळवता येणार नाही. बोळात चालत या, उजवीकडे तिसरं दार, निळं. जिना आतून आहे, दुसरा मजला.’ मराठी वाचता येत नसेल तर हेच हिंदीत बोलून पाठवावं. गाडी चालू असताना मात्र काहीच पाठवू नये.

टपाल खात्यानं 2025 मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ हा दहा अक्षर-अंकांचा पत्ता सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. त्यानं घर नेमकं कुठं आहे ते कळेल. पण त्या चौकोनात शिरायचं दार कुठल्या बोळात उघडतं, ते घरातल्या माणसालाच लिहावं लागतं.