आधी टीएलडी नंबर सांगा

हॉस्पिटलांच्या आणि डायग्नॉस्टिक सेंटरच्या जाहिरातींमध्ये ‘एईआरबी सर्टिफिकेट असलेला एक्स-रे टेक्निशियन पाहिजे’ अशी ओळ बऱ्याचदा दिसते. ती वाचून बारावीनंतर रेडिओग्राफी शिकलेली मुलं हे सर्टिफिकेट कुठे मिळतं याचा शोध घेऊ लागतात आणि कुठल्यातरी चार दिवसांच्या वर्गाला पैसे भरून येतात. पण मुंबईच्या अणुशक्तीनगरमधलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजेच एईआरबी, साध्या एक्स-रे टेक्निशियनला त्याच्या स्वतःच्या नावाने यंत्र चालवण्याचा परवाना देत नाही. परवाना मिळतो तो संस्थेला, तोही विशिष्ट खोलीत बसवलेल्या विशिष्ट यंत्रासाठी. एक मान्यता मात्र खरोखर व्यक्तीच्या नावाने निघते. ती असते रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची, म्हणजे आरएसओची. त्यासाठी संस्था पात्र माणसाचं नाव ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवरून पाठवते आणि मिळालेली मान्यता त्याच संस्थेपुरती असते. नोकरी बदलली की ती सोबत येत नाही.

मग टेक्निशियनला यंत्रावर उभं करण्याआधी मालकाने काय पाहायचं? शिक्षणाची कागदपत्रं तर हवीतच. विज्ञान शाखेची बारावी, मान्यताप्राप्त संस्थेतून केलेला रेडिओग्राफीचा कोर्स आणि त्यात यंत्रावर केलेलं प्रत्यक्ष काम, एवढं तपासलं जातं. महाराष्ट्रात परावैद्यक परिषदेच्या नोंदणीबद्दलही विचारतात. हे सगळे कागद उमेदवार फाइलमध्ये लावून आणतो. ज्या कागदाबद्दल त्याला सहसा कुणी विचारत नाही, तो म्हणजे आधीच्या नोकरीतला डोसचा हिशेब. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच आहे. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी मालकावर तशी जबाबदारीच टाकली आहे. कामावर घेण्याआधी आधीच्या मालकाकडून त्या माणसाच्या डोसची आणि आरोग्य तपासणीची नोंद मागवायची. तो नोकरी सोडून जाईल तेव्हा त्याची नोंद त्याच्या हाती द्यायची.

हा डोस मोजला जातो छातीवर लावलेल्या टीएलडी बॅजने. बॅजच्या आत एक कार्ड असतं आणि कार्डावर तीन छोट्या चकत्या. एका चकतीवर धातूची गाळणी असते, दुसरीवर प्लास्टिकची आणि तिसरी उघडी. तिन्हींवरच्या नोंदी पडताळून किरण साधारण कोणत्या प्रकारचे होते ते कळतं. दर तीन महिन्यांनी बॅज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. तिथे चकती तापवली की तिने साठवलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि तो प्रकाश मोजून डोस काढतात. वाचताना चकतीतली नोंद पुसली जाते, त्यामुळे एकदा निघालेला आकडा परत तपासून पाहायची सोय जवळजवळ राहत नाही. हा आकडा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय डोस नोंदवहीत त्या माणसाच्या कायमच्या नंबरखाली चढतो. नंबर माणसाचा असतो, हॉस्पिटलचा नसतो. म्हणून नव्या जागी पहिला प्रश्न असायला हवा : आधी टीएलडी नंबर सांगा.

हा प्रश्न विचारला नाही तर काय होतं, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. एक टेक्निशियन तालुक्याच्या हॉस्पिटलातून शहरातल्या कॅथलॅबमध्ये येतो. नव्या ठिकाणचा क्लार्क जुना नंबर न विचारता नवा बॅज मागवतो. आता एकाच माणसाची दोन खाती झाली आणि जुन्या खात्यातला डोस नव्या मालकाच्या नजरेआड गेला. समजा, जुन्या खात्यातल्या शेवटच्या चार तिमाहींचे आकडे ०.१०, ०.०५, ११.४० आणि ०.०० मिलिसिव्हर्ट आहेत. बेरीज झाली ११.५५. आपल्याकडची मर्यादा अशी, की कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या वर जायचं नाही आणि सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० च्या आत ठेवायची. म्हणजे हा माणूस मर्यादेच्या आतच आहे आणि त्याला नोकरी द्यायला हरकत नाही. पण ११.४० हा आकडा विचार करायला लावणारा आहे, कारण साध्या एक्स-रे विभागात तिमाहीला एक मिलिसिव्हर्टही सहसा भरत नाही. तिमाहीचा आकडा दहाच्या वर गेला की त्याची चौकशी होते. तेव्हा नव्या मालकाने ती चौकशी झाली का आणि तिच्यातून काय निघालं, हे विचारायला हवं.

अशा चौकशीत पुष्कळदा एकच कारण पुढे येतं. ड्यूटी संपल्यावर टेक्निशियनने लेड ॲप्रन काढून एक्स-रे रूममधल्या खुंटीला अडकवला आणि बॅज त्यावरच राहिला. पुढच्या पाळीत जितके एक्स-रे निघाले, त्यांचे विखुरलेले किरण त्या बॅजने टिपले. असा डोस अंगाला लागलेला नसतो आणि चौकशीत ते सिद्ध झालं तर तशी नोंद होते. सिद्ध करणारे कागद मात्र जुन्या हॉस्पिटलात असतात, म्हणून नोकरी सोडतानाच ते मागून घ्यायचे. कॅथलॅबसाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. तिथे किरण चालू असताना माणूस पेशंटच्या शेजारी उभा असतो, त्यामुळे मोठा आकडा खराही असू शकतो. मग शिल्लक किती आहे हे पाहून ड्यूटी लावावी लागते.

शेवटच्या तिमाहीचं ०.०० पाहूनही निश्चिंत व्हायचं कारण नाही. बॅज टेबलाच्या खणात पडून राहिला तरी शून्यच येतं. त्याहून वाईट प्रकार कंट्रोल बॅजचा. संस्थेला एक जादा बॅज येतो आणि तो किरणांपासून दूरच्या जागी ठेवायचा असतो, कारण निसर्गात असतोच त्या किरणोत्सर्गाची वजाबाकी त्याच्या आकड्यावरून होते. कुणी तो एक्स-रे रूममधल्या कपाटात ठेवला, तर वजाबाकी भलतीच मोठी होते आणि सगळ्या स्टाफचे आकडे एकदम शून्यावर येतात. अख्ख्या विभागाचे सलग दोन-तीन तिमाही शून्य आले, तर कंट्रोल बॅज कुठे ठेवलाय ते जाऊन पाहावं.

बॅज लावायची जागाही ठरलेली आहे. तो छातीवर आणि ॲप्रनच्या आतल्या बाजूने लावायचा. वरून लावला तर ॲप्रनने अडवलेले किरणही खात्यावर जमा होतात. आणखी एक सवय मी जागोजागी पाहते. नव्या माणसाचा बॅज येईपर्यंत त्याला सोडून गेलेल्या माणसाचा बॅज लावायला देतात. त्यामुळे एकाचा डोस दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या खात्यात चढतो आणि ज्याला तो खरोखर लागला, त्याच्या नावावर काहीच राहत नाही. स्वतःचा बॅज हातात येईपर्यंत त्या माणसाला रजिस्टरचं, पेशंटला पोझिशन देण्याचं काम द्यावं आणि एक्सपोजरच्या वेळी खोलीबाहेर ठेवावं.

आरोग्य तपासणी नोकरीला लागताना आणि त्यानंतर किमान दर तीन वर्षांनी करायची असते. बहुतेक ठिकाणी ती रक्ताच्या एका रिपोर्टवर उरकतात, पण निदान त्या रिपोर्टवर तारीख आणि डॉक्टरची सही आहे की नाही एवढं तरी पाहावं. टेक्निशियन बाई गरोदर असेल तर तिने लवकर कळवायला हवं, कारण तिथून पुढे पोटातल्या बाळासाठी मर्यादा एक मिलिसिव्हर्टवर येते आणि ड्यूटी त्या हिशेबाने बदलावी लागते. त्या कारणावरून तिला नोकरीवरून काढता येत नाही.

तपासणी उलट बाजूनेही व्हायला हवी. मुलाखतीला गेलेल्या टेक्निशियनने तिथल्या यंत्राचा परवाना मुदतीत आहे का आणि दोन वर्षांच्या आतला क्यूए रिपोर्ट आहे का, हे निःसंकोच विचारावं. परवाना नसलेल्या यंत्रावर काम करणाऱ्याला बॅजही वेळेवर मिळत नाही, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

आज कुठल्याही एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांना एवढंच सांगेन, की स्वतःचा टीएलडी नंबर वहीत लिहून ठेवा आणि वर्षाचा डोस रिपोर्ट मागून घ्या. नोकरी सोडताना पगाराच्या हिशेबाबरोबर डोसचा हिशेबही सही-शिक्क्यानिशी हातात घ्या. तो देणं मालकावर बंधनकारक आहे.